फाइव्ह स्टारवाला नको, थ्री स्टारवाला गाठा!

कस्टमर फीडबॅकच्या ढिगातून पटेल अशी केस स्टडी कशी उभी राहते? गणवेशाच्या धंद्यातलं एक उदाहरण घेऊन केलेली ही उकल

बीबीए असो, एमबीए असो की मास कॉम, इंटर्नशिपला गेलात की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हे काम हमखास तुमच्या गळ्यात पडतं. दोन-तीन जणांची छोटी कन्सल्टिंग फर्म असते. सर एक एक्सेल शीट पाठवतात आणि सांगतात, "हे आपल्या कस्टमरचे फीडबॅक. यातून एक जबरदस्त केस स्टडी काढ. नवीन पार्टीला दाखवायची आहे."

तुम्ही शीट उघडता. ‘सर्व्हिस छान’, ‘गुड’, ‘एकदम मस्त टीम’, एक अंगठ्याचा इमोजी आणि खाली सरासरी रेटिंग. यातली पाच-सहा गोड वाक्यं उचलायची, वर मोठ्या अक्षरात टक्केवारी टाकायची, शेजारी हसऱ्या लोकांचा फोटो लावायचा. झाली केस स्टडी!

ती झाली जाहिरात. आणि सोलापूरचा कारखानदार ती दोन सेकंदांत ओळखतो. एमआयडीसीत मशीन विकायला येणारा, सॉफ्टवेअर विकायला येणारा, प्रत्येक जण त्याला हेच कागद दाखवून गेलेला असतो. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: ‘माझ्यासारख्या माणसाचं नेमकं काय अडलं होतं, आणि ते खरंच सुटलं का?’ या प्रश्नाचं उत्तर फीडबॅकच्या शीटमध्ये नसतं. शीट फक्त एवढं सांगते, की उत्तर शोधायला कुणाच्या दारात जायचं.

हे कसं करायचं ते एका उदाहरणातून बघू. फर्म, कारखाना आणि आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत. धंद्याची पद्धत मात्र आपल्या गावातलीच आहे. चादर आणि टॉवेलसोबत सोलापूर शाळेच्या गणवेशासाठीही ओळखलं जातं. म्हणून धरून चला, की आपली फर्म गणवेश शिवणाऱ्या छोट्या कारखान्यांना ऑर्डर वेळेत कशा पूर्ण करायच्या याचा सल्ला देते.

आधी शीट नीट वाचा

फर्मनं ३८ कस्टमरना फॉर्म पाठवला होता. २६ जणांनी भरला. त्यातल्या २१ जणांनी चार किंवा पाच स्टार दिले. सर लगेच म्हणतील, "८१ टक्के कस्टमर खूश! टाक हेडिंग."

थांबा. २६ पैकी २१ म्हणजे ८१ टक्के, हे गणित बरोबर आहे. पण फॉर्म ३८ जणांना गेला होता. उरलेले १२ जण गप्प का बसले? काही कामात असतील, काही नाराज असतील, काहींनी फर्मचं नावही विसरून टाकलं असेल. ३८ पैकी २१ धरले तर आकडा ५५ टक्क्यांवर येतो. खरं चित्र या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असेल. ते कुठं, हे शीट सांगू शकत नाही. त्यामुळे टक्केवारी हेडिंगमध्ये लावायचीच नाही. लावायचीच झाली तर ‘३८ जणांना विचारलं, २६ जणांनी उत्तर दिलं, त्यातले २१ समाधानी’ असं पूर्ण लिहायचं.

आणखी एक गोष्ट तपासा. फॉर्म कधी भरला? काम संपल्याच्या दिवशी भरून घेतलेला फॉर्म म्हणजे निरोप समारंभातलं भाषण. समोर माणूस बसलेला असताना कोण वाईट लिहील? गणवेशाच्या धंद्यात तर निकाल कळतो जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. जानेवारीत सल्ल्याचं काम संपलं आणि जानेवारीतच फॉर्म भरला, तर त्या पाच स्टारांत सीझनचा अनुभवच नसतो. सीझन संपल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये आलेली उत्तरं वेगळी काढा. खरा माल तिथं असतो.

आता प्रत्येक उत्तर वाचून तीन ढीग करा. पहिल्या ढिगात नुसतं कौतुक: ‘छान’, ‘मस्त’. दुसऱ्यात नुसती तक्रार: ‘फी जास्त’, ‘फोन उचलत नाहीत’. तिसऱ्या ढिगात अशी उत्तरं, ज्यात काहीतरी *घडलेलं* आहे. एखादी तारीख, एखादी वस्तू, एखादा बदल. पहिला ढीग सर्वांत मोठा असणार आणि तुमच्या कामाला सर्वांत कमी उपयोगी पडणार. दुसरा ढीग सरांच्या टेबलावर ठेवा, त्यांना तो लागणारच आहे. तिसऱ्यात फार तर तीन-चार उत्तरं निघतील. आपल्याला त्यातलं एकच पुरे आहे.

तीन स्टारचं सोनं

आपल्या शीटमध्ये तिसऱ्या ढिगात हे उत्तर सापडतं. रेटिंग: तीन स्टार. मजकूर: ‘सुरुवातीला पंधरा दिवस नुसता ताप झाला. कामगार वैतागले. पण या सीझनला शाळेचे फोन लै कमी आले.’

सर म्हणतील, "तीन स्टारवाला कशाला? पाच स्टारवाले पडलेत की इतके!"

पण जरा बघा. ‘शाळेचे फोन कमी आले’ हे वाक्य कुणी खुशामत म्हणून लिहीत नाही. गणवेश वेळेत पोचला नाही की मुख्याध्यापकांचा फोन येतो, पालकांचा येतो, दुकानदाराचा येतो. मालकासाठी उशीर म्हणजे टक्केवारी नसते, वाजणारा मोबाइल असतो. ज्या नवीन पार्टीला आपण केस स्टडी दाखवणार, तिच्याही खिशात तसाच मोबाइल वाजत असतो. वाचणारा तिथं स्वतःला बघतो.

दुसरं म्हणजे यात त्रासाचाही उल्लेख आहे. पंधरा दिवस ताप झाला, हे जो सांगतो त्याच्या ‘पण’नंतरच्या शब्दांवर विश्वास बसतो. पाच स्टारवाल्याच्या ‘एकदम मस्त’मध्ये हा ‘पण’ नसतो.

मात्र हे अजून फक्त एका माणसाचं म्हणणं आहे. फोन खरंच कमी आले का? आले असतील तर फर्ममुळे, की दुसऱ्या कशामुळे? ते बघायला शीट बंद करून कारखान्यात जावं लागतं.

काय विचारायचं, काय नाही

जाताना ‘आमची सर्व्हिस कशी वाटली?’ हा प्रश्न घरी ठेवून जा. त्याचं उत्तर ‘चांगली’ हेच येणार. लोकांना मत सांगता येतं, पण केस स्टडीला मत नको असतं, प्रसंग हवा असतो. म्हणून प्रसंग विचारा.

"मालक, मागच्या सीझनमधला सर्वांत वाईट दिवस कोणता? त्या दिवशी काय झालं होतं?"

हा प्रश्न टाकला की माणूस बोलायला लागतो. कुठल्या शाळेची ऑर्डर होती, कापड कापून तयार होतं, शर्ट शिवून झाले, आणि मग शाळेनं साइजची नवी लिस्ट पाठवली. किंवा शर्ट तयार आहेत पण खिशावरचा लोगोच आलेला नाही. इथं तुम्हाला अडचण कळते, तीही मालकाच्या शब्दांत.

मग पुढचे प्रश्न. "आमची माणसं येऊन नेमकं काय बदललं? दाखवता का?" ‘सांगता का’पेक्षा ‘दाखवता का’ हे महत्त्वाचं. या कारखान्यात मालक तुम्हाला कटिंग टेबलाशेजारचा एक फळा दाखवतात. प्रत्येक ऑर्डरसमोर चार चौकोन आहेत: कापड, साइज लिस्ट, लोगो, बटण. चारही चौकोनांत बरोबरची खूण झाल्याशिवाय कटिंगला हात लावायचा नाही. फर्मनं दिलेला सल्ला एवढाच. ऐकायला साधा वाटतो. पण भर सीझनमध्ये मास्तरला टेबल रिकामं ठेवायला सांगणं म्हणजे काय, ते त्यालाच विचारा. पंधरा दिवसांचा ताप त्याचाच होता.

तिसरा प्रश्न विचारायला धाडस लागतं: "याशिवाय या वर्षी दुसरं काय बदललं?" मालक सांगतात, फेब्रुवारीत चार नवीन मशीन घेतल्या. हे ऐकून अनेकांची वही बंद होते, कारण गोष्ट बिघडली असं वाटतं. ती लिहून घ्या. पुढं कामाला येणार आहे.

आणि शेवटचा: "अजून कुठं अडतं?"

बोलणं मालकांच्या भाषेत होऊ द्या. आपल्याकडं एकाच वाक्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी मिसळते. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. मराठीत आणताना ‘त्यांच्या मार्गदर्शनामुळे आमच्या कार्यक्षमतेत लक्षणीय वृद्धी झाली’ असं काही करू नका. टेक्स्टाइल मार्केटमधला कुठलाच माणूस असं बोलत नाही, आणि वाचणाऱ्याला ते माहीत असतं. ‘शाळेचे फोन लै कमी आले’ हे तसंच ठेवा. तेलुगूतलं वाक्य मराठीत आणलं तर ते मालकांना वाचून दाखवा आणि विचारा, "असंच म्हणायचं होतं ना?"

आता रजिस्टर उघडा

आठवणीवर केस स्टडी उभी राहत नाही. फोन कमी आले की जास्त, याची नोंद कुणी ठेवत नाही. पण ज्यामुळे फोन येतात तो उशीर मोजता येतो. त्यासाठी दोन तारखा लागतात: माल कधी देतो म्हटलं होतं आणि कधी दिला.

पहिली तारीख ऑर्डर बुकात असते. नसेल तर शाळेशी किंवा दुकानदाराशी झालेल्या व्हॉट्सअॅप चॅटमध्ये सापडते. दुसरी डिलिव्हरी चलनावर असते. माल बाहेरगावी गेला असेल तर ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर किंवा ई-वे बिलावर असते. बिल्टीचा फायदा असा, की ती तारीख मालकानं किंवा फर्मनं लिहिलेली नसते. तिसऱ्यानं लिहिलेला कागद नेहमी जास्त वजनदार.

इथं एक फट असते. ती आधीच बुजवा. सीझनमध्ये तारखा पुढं ढकलल्या जातात. ‘२० मेला देतो’ म्हणायचं, मग फोन करून ‘सर, पाच जूनला घ्या’ म्हणायचं आणि पाच जूनला द्यायचं. ही ऑर्डर वेळेत गेली की उशिरा? एका वर्षी पहिली तारीख धरली आणि दुसऱ्या वर्षी ढकललेली धरली, तर काहीही न करता सुधारणा दिसते! नियम एकच ठेवा: दोन्ही वर्षी पहिल्यांदा कबूल केलेली तारीख.

तुलनाही सीझनशी सीझनचीच करा. मे महिना आणि ऑक्टोबर यांची तुलना म्हणजे दिवाळीतल्या आणि एरवीच्या नवी पेठेची तुलना. ऑक्टोबरमध्ये ऑर्डरच कमी, उशीर होणार कुठून? म्हणून मागचा मार्च ते जून आणि यंदाचा मार्च ते जून.

एक दुपार बसून चलनं चाळल्यावर आपल्या उदाहरणात हे निघतं. मागच्या सीझनला ६४ ऑर्डर, त्यातल्या २३ उशिरा. यंदा ७० ऑर्डर, त्यातल्या ९ उशिरा. म्हणजे मागच्या वर्षी साधारण तीनातली एक ऑर्डर लटकायची, यंदा आठातली एक.

छान आकडा आहे. बहुतेक केस स्टडी इथंच संपतात. पण समोरचा हुशार असेल तर त्याचा पहिला प्रश्न तयार असतो: "अहो, त्यांनी चार मशीन घेतल्या की! तुमच्या फळ्यामुळं काय झालं?"

जे सुधारलं नाही, तेच साक्षीदार

याचं उत्तर द्यायला आणखी एक पायरी लागते. उशिरा गेलेली प्रत्येक ऑर्डर नेमकी कशामुळं अडली, ते शोधायचं. चॅट, चलनं आणि मास्तरची आठवण जुळवून कारण लिहायचं. समजा, असं निघालं:

मागचा सीझन, उशिरा २३: साइज लिस्ट किंवा लोगो यामुळे १४, कापड उशिरा आल्यामुळे ६, शिलाई आणि इतर कारणं ३.

यंदाचा सीझन, उशिरा ९: साइज लिस्ट किंवा लोगो यामुळे २, कापड उशिरा आल्यामुळे ६, शिलाई आणि इतर कारणं १.

हे आकडे जरा वेळ बघत बसा. साइज लिस्ट आणि लोगोचा उशीर १४ वरून २ वर आला. फळ्यावरचे दोन चौकोन नेमके याचेच आहेत. कापडाचा उशीर मात्र ६ होता, तो ६ च राहिला. कारण कापड बाहेरून येतं. फळ्यावर कापडाचा चौकोन आहे, पण त्यानं कापड लवकर येत नाही. ते आलेलं नाही एवढंच कळतं.

आता मशीनचा मुद्दा घ्या. नवीन मशीनमुळं शिलाई लवकर होते. मग फायदा शिलाईच्या उशिरात दिसायला हवा. तो गट ३ वरून १ वर आला. हे दोन खुशाल मशीनच्या नावावर टाका. पण शाळेची साइज लिस्ट मशीन वेळेवर आणत नाही. एकूण १४ ऑर्डरचा उशीर वाचला, त्यातल्या १२ चं श्रेय मशीनला देता येत नाही.

म्हणजे कापडाचा न हललेला ६ हा आकडा लपवायचा नसतो. तोच तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार. सगळंच एकदम सुधारलं असतं तर संशय आला असता, की धंद्यालाच वर्ष चांगलं गेलं, ऑर्डर सोप्या होत्या, काहीतरी वेगळंच घडलं. जिथं हात लावला तिथं बदल झाला आणि जिथं लावला नाही तिथं झाला नाही, हे दिसलं की वाचणारा मान हलवतो.

यातही एक मर्यादा आहे. मागच्या सीझनला उशिराचं कारण कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ते तुम्ही नंतर चॅटवरून आणि आठवणीतून काढलंय. तारखा पक्क्या आहेत, कारणं तेवढी पक्की नाहीत. हे एका ओळीत सांगून टाका. आणि दोन माणसांना वेगवेगळं बसवून कारणं लिहायला सांगा: एकदा मास्तर, एकदा ऑफिसमधला माणूस. जिथं दोघांचं जुळत नाही, ती ऑर्डर ‘इतर’मध्ये टाका. आपल्या सोयीच्या गटात नाही.

एका पानात बसवा

आता लिहायला घ्या. एक पान, त्याहून जास्त नाही. कारखानदार तो कागद उभ्याउभ्या वाचणार आहे. क्रम असा: काय अडलं होतं, काय केलं, काय बदललं, काय बदललं नाही. फर्मचं कौतुक करणारं एकही विशेषण नको. आपली केस साधारण अशी दिसेल:

> ‘या सीझनला शाळेचे फोन लै कमी आले’
>
> सोलापुरातला शालेय गणवेशाचा एक कारखाना. मागच्या सीझनला, मार्च ते जून, त्यांच्याकडं ६४ ऑर्डर होत्या. त्यातल्या २३ कबूल केलेल्या तारखेनंतर गेल्या. आम्ही प्रत्येक ऑर्डरचं कारण शोधलं. १४ ऑर्डर कटिंग झाल्यावर साइजची लिस्ट बदलल्यामुळे किंवा लोगो न आल्यामुळे अडल्या होत्या.
>
> आम्ही एकच नियम सुचवला. कापड, साइज लिस्ट, लोगो आणि बटण या चारही गोष्टी हातात आल्याशिवाय कटिंग सुरू करायचं नाही. त्यासाठी कटिंग टेबलाजवळ एक फळा लावला. सुरुवात सोपी नव्हती. मालक म्हणतात, ‘पंधरा दिवस नुसता ताप झाला. कामगार वैतागले.’
>
> यंदा त्याच चार महिन्यांत ७० पैकी ९ ऑर्डर उशिरा गेल्या. साइज लिस्ट आणि लोगोमुळे अडलेल्या फक्त २. कापड उशिरा आल्यामुळे अडलेल्या ऑर्डर मागच्या वर्षी ६ होत्या, यंदाही ६ आहेत. त्यावर आमच्याकडं अजून उपाय नाही. याच काळात कारखान्यानं चार नवीन मशीनही घेतल्या. शिलाईच्या आणि इतर कारणांचा उशीर ३ वरून १ वर आला, त्यात त्यांचा वाटा असू शकतो.
>
> तारखा ऑर्डर बुक आणि डिलिव्हरी चलनांवरून घेतल्या आहेत. दोन्ही वर्षी पहिल्यांदा कबूल केलेली तारीख धरली आहे. मागच्या सीझनची कारणं चॅट आणि कामगारांच्या आठवणीवरून नोंदवली आहेत.

बघा, यात एकही टक्का नाही. छोट्या संख्यांना टक्के लावले की ते फुगलेले दिसतात. ‘उशीर ६१ टक्क्यांनी घटला’ हे गणितात चुकीचं नाही, पण २३ वरून ९ हे डोळ्यासमोर उभं राहतं.

‘आमच्याकडं अजून उपाय नाही’ हे वाक्य सर खोडायला निघतील. त्यांना एवढंच विचारा: ज्याची अडचण कापडाची आहे तो कारखानदार ही ओळ न वाचता आला, फी भरली आणि जूनमध्ये त्याचा माल तसाच लटकला, तर पुढच्या वर्षीच्या शीटमध्ये तो काय लिहील? ही ओळ चुकीच्या कस्टमरला दारातूनच परत पाठवते. दोघांचाही त्रास वाचतो.

विचारल्याशिवाय छापायचं नाही

मालकांनी फॉर्म भरला म्हणजे छापायची परवानगी दिली असं होत नाही. पूर्ण पान त्यांना वाचायला द्या आणि लेखी होकार घ्या. व्हॉट्सअॅपवर स्पष्ट ‘हो, हे छापा’ असा मेसेज आला तरी तो जपून ठेवा. पर्याय तीन द्या: नावासकट, नावाशिवाय, किंवा फक्त आकडे.

‘नावाशिवाय’ म्हटलं तरी सोलापूर मोठं नाही. ‘अक्कलकोट रोड एमआयडीसीतला, तीस मशीनचा, नुकत्याच चार नवीन मशीन घेतलेला गणवेशाचा कारखाना’ एवढं लिहिलं की निम्म्या मार्केटला कळतं कोण ते. मशीनची एकूण संख्या, रस्ता, शाळांची नावं, यातलं काय ठेवायचं ते मालकांनाच ठरवू द्या. उशिरामुळं बिलातून किती पैसे कापले गेले, हा आकडा पटवायला सर्वांत भारी असतो. पण तो त्यांच्या धंद्याचा आतला आकडा आहे. ते नको म्हणाले तर विषय संपला.

कायद्याची बाजूही थोडक्यात माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई होते. त्याच कायद्याखाली २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की जाहिरातीतली शिफारस देणाऱ्याचं मत खरं असलं पाहिजे आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असलं पाहिजे. जाहिरात क्षेत्रानं स्वतःवर नियम घालण्यासाठी १९८५ मध्ये काढलेली अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्थाही दाव्यांना पुरावा मागते. चलनांच्या फोटोंची फाइल नीट लावून ठेवायची ती यासाठीही.

अजून एक. तुम्ही सीए किंवा वकिलांच्या ऑफिसात इंटर्न असाल, तर आधी सरांना विचारा. या दोन्ही व्यवसायांना स्वतःची जाहिरात करून काम मिळवायला त्यांच्या नियमांनी बंधनं घातली आहेत. मॅनेजमेंट कन्सल्टंटला चालणारी केस स्टडी तिथं अंगाशी येऊ शकते.

ही केस काय सिद्ध करत नाही

एक केस म्हणजे एक कारखाना, दोन सीझन. फळा लावला की सगळीकडं उशीर कमी होतो, असं ती सांगत नाही. ज्याच्याकडं साइज लिस्ट आणि लोगोचा गोंधळ आहे, त्याला हा रस्ता बघण्यासारखा आहे, एवढंच ती सांगते. पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात परत जा आणि तिसरा सीझन मोजा. भर गर्दीत फळ्यावरच्या खुणा करायचं लोक सोडून देतात आणि उशीर हळूहळू परत चढतो, असं होऊ शकतं. ९ चा १५ झाला असेल तर जुना कागद वाटणं थांबवा.

कधी कधी सगळं शोधल्यावर आकडाच निघत नाही. चलनं सापडत नाहीत, किंवा मागचं आणि यंदाचं सारखंच निघतं. मग केस स्टडी लिहायची नाही. सरांना सांगा, की या शीटमधून आज कागद निघत नाही. पण पुढच्या कस्टमरकडं काम सुरू करायच्या *आधी* दोन तारखा आणि उशिराचं कारण लिहायला सुरुवात करू. आधीची नोंद असेल तर नंतरची केस निम्म्या कष्टात होते.

आणि उद्या तुमच्यासमोर कुणी अशी केस स्टडी ठेवली, क्लासची असो, प्लेसमेंट एजन्सीची असो की अॅपची, तर चार गोष्टी बघा. टक्के कितीपैकी आहेत? कुठला काळ कुठल्या काळाशी ताडलाय? दरम्यान दुसरं काय बदललं होतं? आणि काय सुधारलं नाही, ते लिहिलंय का? चौथ्याचं उत्तर सापडलं नाही, तर पहिल्या तिघांची उत्तरं मागितल्याशिवाय फी भरू नका.